मेहबूब सरांचा पूल

मेहबूब शिकलगार सर क्लासमध्ये नव्या मुलाला नाव विचारत नसत, गाव विचारत. मी ‘बार्शी’ म्हणालो आणि पुढचे सात महिने बार्शीच राहिलो. माझ्या शेजारचा जयसिंग इंदापूर होता. पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची, विजयमाला, ती कात्रज. खरं तर कात्रज आता पुण्यातच आहे, पण सरांच्या मते ज्याच्या घरी म्हैस आहे तो गावाचाच.

क्लास बिबवेवाडीत होता, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, पिठाच्या गिरणीच्या बरोबर डोक्यावर. सकाळी सातची बॅच. आठला गिरणी सुरू झाली की बाक थरथरायचे आणि वह्यांवर पांढरा थर बसायचा. इथे नोकरीच्या लेखी परीक्षेसाठी लागणारी सगळी कोडी शिकवली जायची: नळ आणि टाकी, बोट आणि प्रवाह, आरशातलं घड्याळ. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत जे शिकलो त्यातलं कंपन्या काहीच विचारत नाहीत आणि आठवीत जे ऑप्शनला टाकलं तेच विचारतात, हे शेवटच्या वर्षाला कळतं. मग माणूस गिरणीचा जिना चढतो.

सर गणितातले पदवीधर नव्हते. वडील सायकलला सहाण लावून पेठांमधून सुऱ्या-कात्र्यांना धार लावत हिंडायचे. चाकाचे किती फेरे झाले की कात्री होते आणि किती झाले की अडकित्ता, हे मेहबूब लहानपणी मोजत बसायचा. बी.एस्सी. पहिल्या वर्षाला सुटलं आणि तो एका कारखान्यात टाइम स्टडीला लागला. म्हणजे हातात स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे उभं राहायचं आणि एका नटाला किती सेकंद लागले ते लिहायचं. अशा माणसाला कारखान्यात कोणी चहा विचारत नाही. पण सरांना विचारत, कारण कामगार पाणी प्यायला गेला, घाम पुसला, पाय मोकळे केले, तर तो वेळ ते कामातच धरायचे. साहेब खोडायचे, हे पुन्हा लिहायचे. पंचवीस वर्षं ही खोडाखोड चालली. मग कारखान्याने सगळ्यांनाच घरी पाठवलं. साहेबांनाही.

लेथवरचे गेनबा तेव्हाच त्यांच्याबरोबर बाहेर पडले. गेनबांचा उजवा गुडघा गेलेला. क्लासची कुलपं उघडायची, फळा पुसायचा आणि सरांना उगाच शहाणपण शिकवायचं, ही त्यांची तीन कामं. तिसरं ते मन लावून करत.

कोडं चालून बघितल्याशिवाय सर ते शिकवत नसत. बोट आणि प्रवाह असेल तर दोघं जण बोट व्हायचे आणि बाकीचे प्रवाह होऊन त्यांना ढकलायचे. या सगळ्यात सरांचं लाडकं कोडं म्हणजे पुलाचं. रात्रीची वेळ. ओढ्यावर जुना पूल, एका वेळी दोघांनाच पेलेल असा. पलीकडे जायचंय चौघांना आणि बॅटरी एकच. बॅटरीशिवाय पुलावर पाय टाकायचा नाही, म्हणजे दोघं गेले की कोणीतरी ती परत आणायची. चौघांची चाल वेगळी: एकाला पूल ओलांडायला एक मिनिट लागतं, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला पाच, चौथ्याला दहा. जोडीने जाताना हळू चालणाऱ्याच्या चालीने जायचं. कमीत कमी किती मिनिटांत चौघं पार?

दरवर्षी बॅच एका सुरात सांगायची, एकोणीस. कारण माणसाला वाटतं, सगळ्यात चपळ गड्याने एकेकाला पोचवून यावं. दोन मिनिटं, परत एक, पाच, परत एक, दहा. एकोणीस. मग सर मिशीत हसायचे, “बसा एकोणिसावर,” म्हणायचे आणि खरी वाट दाखवायचे. आधी चपळ दोघं जातात, दोन मिनिटं. एकवाला परत येतो, तीन. मग पाच आणि दहा एकत्र जातात, तेरा. पलीकडे थांबलेला दोनवाला परत येतो, पंधरा. शेवटी चपळ दोघं पुन्हा जातात. सतरा! दोन संथ माणसं एकाच फेरीत उरकली, पाचवाल्याचा वेळ दहावाल्याच्या सावलीत लपला. हे सांगताना सरांचा चेहरा असा व्हायचा की जणू ती दोन मिनिटं त्यांनी स्वतः कारखान्यातून सोडवून आणलीयत. आणि मग सगळ्यांकडून म्हणून घ्यायचे, “संथ दोघं एकत्र!” आम्हीही म्हणायचो. रस्त्यावर म्हणायचो. दोन जाड माणसं एका स्कूटरवर दिसली तरी म्हणायचो.

त्या वर्षी आमच्या कॉलेजने सराव परीक्षेचा पेपर काढायचं काम सरांना दिलं. सराव हा नुसता शब्द. एका कंपनीने आमच्याकडची फक्त वीस मुलं बोलावली होती आणि ती वीस याच परीक्षेच्या गुणांवर जाणार होती. एप्रिल उजाडलेला. त्या वर्षी ती शेवटचीच कंपनी.

गुरुवारी यादी लागली. विसावं नाव माझं होतं. एकसष्ट गुण. मी यादीचा फोटो काढून बार्शीला पाठवला. फोटोत यादीची खालची कडा फार जवळ दिसत होती, म्हणून थोडं वरून कापून, माझं नाव मधोमध येईल असं करून पाठवला. एकविसावी विजयमाला होती. साठ गुण. यादीखाली लिहिलेलं, ‘हरकत असल्यास शुक्रवार दुपारी एकपर्यंत.’

शुक्रवारी सकाळी पावणेआठला, क्लास मध्येच थांबवून, ती सरांसमोर उभी राहिली.

“सर, चौदावा प्रश्न. माझं एकवीस बरोबर हाय.”

चौदावा प्रश्न पुलाचाच होता. सरांनी फक्त एक आकडा बदलला होता, दोनच्या जागी चार. एक, चार, पाच, दहा. नेटवरून सतरा पाठ करून येणारी पोरं सापडावीत म्हणून.

“कात्रज, तेवीस येतं,” सर शांतपणे म्हणाले. “संथ दोघं एकत्र. चार, परत एक, दहा, परत चार, पुन्हा चार. बेरीज कर.”

“बेरीज तेवीसच हाय. पण एकविसात जाता येतंय की.”

“उत्तरापेक्षा कमी कसं येईल?”

“ते मला काय माहीत? मी बोटांनी केलं.” तिने चार बोटं टेबलावर उभी केली. “तुम्ही पूल शिकवला त्या दिवशी मी नव्हते. म्हैस व्याली होती.”

मागून जयसिंग म्हणाला, “सर, म्हशीलापण बसवा बॅचला.” सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो. मी तेवीस लिहिलं होतं.

सरांनी तिला मोडीत काढलं नाही, हे मला सांगायलाच हवं. अकरा वर्षं शिकवलेलं उत्तर एक पोरगी बोटांवर मोडतेय, अशा वेळी फळ्याकडे तोंड करून ‘नंतर भेट’ म्हणणं सोपं असतं. सरांनी घड्याळात पाहिलं, मग म्हणाले, “चालून बघू.”

दोन बाकांमधली वाट म्हणजे पूल. फळ्यापासून दारापर्यंत. बॅटरी म्हणून माझा मोबाइल. एक टाळी म्हणजे एक मिनिट आणि टाळ्या सर देणार. एकवाला मी, कारण चहा आणायला मीच पळायचो. चारवाली विजयमाला. पाचवाला जयसिंग. दहावाले गेनबा, त्यांना सोंग करायची गरज नव्हती.

“आवं सर, कंपनी बंद पडली तरी माझं टायमिंग काढताय व्हय?” असं म्हणत ते उठले.

आधी सरांच्या वाटेने गेलो. मी आणि विजयमाला चार टाळ्यांत दाराशी. मी एका टाळीत परत. मोबाइल जयसिंगला दिला, तो आणि गेनबा निघाले, दहा टाळ्या. मग विजयमाला मोबाइल घेऊन परत आली. चार टाळ्या ती आपली यायची आणि आम्ही बघायचं. पुन्हा मी आणि ती, चार. तेवीस.

“आता तुझी वाट,” सर म्हणाले.

“बार्शीलाच पळवायचं,” ती म्हणाली.

मी तिला पोचवलं, चार. एका टाळीत परत, पाच. जयसिंगला पोचवलं, दहा. परत, अकरा. गेनबांचा हात धरला आणि निघालो. गेनबा वाटेत म्हणाले, “हळू रे, अजून नऊ टाळ्या हायेत.” दाराशी टेकलो तेव्हा सरांची टाळी एकविसावी होती. पुढची टाळी द्यायला त्यांनी हात उचललेले, ते तसेच राहिले.

“पुन्हा,” ते म्हणाले.

पुन्हा एकवीस. तिसऱ्यांदा त्यांनी टाळ्यांचा भरवसा सोडून खिशातून स्टॉपवॉच काढलं आणि टाळीगणिक बघत राहिले. एकवीस. खाली गिरणी सुरू झाली.

सर फळ्याकडे गेले. डावीकडे आपली वाट लिहिली: चार, एक, दहा, चार, चार. उजवीकडे विजयमालाची: चार, एक, पाच, एक, दहा. मग दोन्हीकडे सारखे असणारे आकडे एकेक करून खोडायला लागले. इकडचे चार, तिकडचे चार. इकडचा एक, तिकडचा एक. इकडचे दहा, तिकडचे दहा. उरलं काय? त्यांच्याकडे चार आणि चार. तिच्याकडे पाच आणि एक. आठ आणि सहा.

“जुन्या कोड्यात हे दोन आणि दोन होते,” सर फळ्याशीच बोलत होते. “चारच भरायचे. म्हणून सहापेक्षा स्वस्त. पाचवाल्याला दहावाल्याच्या सावलीत लपवायचं, तर दुसऱ्या नंबरच्या गड्याला दोन जास्तीच्या फेऱ्या माराव्या लागतात. तो चपळ असेल तर परवडतं. मी त्यालाच संथ करून टाकला.”

“आणि तीनचा असता तर?” विजयमालाने विचारलं.

त्यांनी मनात जोडलं. “तीन आणि तीन सहा. पाच आणि एक सहा. कुठल्याही वाटेने जा, वीसच.” मग खडू ठेवून म्हणाले, “तीन टाकला असता तर झाकलं गेलं असतं.”

“पण सर,” मी म्हणालो, “पर्यायांमध्ये एकवीस होतं की. तुम्हाला दिसलं नाही?”

“मी फक्त उत्तर कळवतो. बाकीचे तीन पर्याय ऑफिसात भरतात. उत्तरात दोन मिळवा, चार मिळवा, दोन वजा करा. तिथली रीतच आहे.” म्हणजे खरं उत्तर क्लार्कने वजाबाकी करून चुकून पेपरात घातलं होतं. एवढ्या सगळ्या भानगडीत बरोबर निघाली ती म्हशीची मालकीण आणि तो क्लार्क.

मग सर माझ्याकडे वळले. “बार्शी, तू काय लिहिलंस?”

“तेवीस.”

“यादीत कितवा?”

हे त्यांना माहीत होतं. काल मीच पेढे दिले होते. “विसावा,” मी म्हणालो.

प्रश्न दोन गुणांचा होता. माझे एकोणसाठ होणार, विजयमालाचे बासष्ट. आमच्या बॅचमधल्या अजून अकरा जणांनी तेवीसच लिहिलं होतं, पण ते वर होते, त्यांना दोन गुणांनी काही होणार नव्हतं. पुलाच्या कडेला मी एकटा उभा होतो.

जयसिंगने माझी बाजू घेतली. चांगला मित्र आहे. “सर, वीसच्या जागी एकवीस जण पाठवा म्हणावं. कोणाचं काय जातंय?”

“विचारतो,” सर म्हणाले. “पण आधी हे सांगायला पाहिजे. एकला खिडकी बंद होते.”

“आवं, नाही सांगितलं तर?” गेनबा हळूच म्हणाले. “पुढच्या साली पेपर कोण दील तुम्हाला? उत्तरच चुकलं म्हणल्यावर?”

सरांनी नुसती टोपी घातली. त्या माणसाबरोबर पंचवीस वर्षं ज्याने काम केलंय त्याला ते उत्तर कळतं. गेनबांनी जिन्याचं दार उघडलं.

प्लेसमेंटचं ऑफिस बाराला उघडायचं, म्हणून साडेअकराला आम्ही तिघं रिक्षाने निघालो. सर, विजयमाला आणि मी. मला का नेलं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. सर म्हणाले, “तुझ्या पाठीमागे करायचं नाही मला हे.” मला पाठीमागे चाललं असतं, पण ते सांगायची हिंमत झाली नाही. स्वारगेटला सिग्नलवर दहा मिनिटं अडकलो. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वारगेटची गर्दी आवडली. मग सिग्नल सुटला.

कॉलेजातलं प्लेसमेंटचं काम देवधर साहेब बघायचे, शरच्चंद्र देवधर. त्यांच्या टेबलावर एक पाटी होती: ‘थोडक्यात बोलावे.’ तिच्याखाली दुसरी: ‘आणखी थोडक्यात.’

“बारा पंचवीस,” ते घड्याळाकडे बघून म्हणाले. “हरकत विद्यार्थ्याने घ्यायची असते, शिकलगार. पेपर काढणाऱ्याने स्वतःविरुद्ध हरकत घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही.”

“हिची हरकत आहे. मी साक्षीदार.”

विजयमालाने अर्ज पुढे केला. देवधरांनी वाचला, मग प्रश्न वाचला, मग सरांकडे पाहिलं. “आपण दरवर्षी सांगता ना, ते संथ दोघं एकत्र वगैरे? माझ्या मुलीलासुद्धा सांगितलं होतंत. ते चूक?”

“जिथे सांगितलं तिथे बरोबर होतं. कधी करायचं नाही ते मी शिकवलं नाही. कारण मलाच माहीत नव्हतं.”

“बरं. सिद्ध करा. थोडक्यात.”

सरांनी त्यांच्याच पॅडवर दोन्ही वाटा मांडल्या आणि पेन देवधरांच्या हातात दिलं. “सारखे आकडे खोडत जा.” देवधरांनी खोडले. आठ आणि सहा उरले. ते बराच वेळ आठाकडे बघत राहिले. इतका वेळ की मला वाटलं, आता ते यातून काहीतरी काढतील. त्यांनी काढलं नाही.

“एकवीस,” ते म्हणाले.

“साहेब,” सर म्हणाले, “चूक माझी, या पोराची नाही. त्याने मी सांगितलं तेच लिहिलं. एकवीस मुलं पाठवता येतील का?”

“कंपनीने वीस मागितलीत.”

“एक फोन करून बघा.”

देवधरांनी केला, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो. पलीकडच्या बाईंशी ते चक्क गोड बोलले. पुण्यात अनेक वर्षं राहिलेल्या माणसाला ते इतकं जड गेलं की शेवटी घाम पुसावा लागला. फोन ठेवून त्यांनी मान हलवली. “वीस म्हणजे वीस.”

मग त्यांनी सरांपुढे कोरा कागद सरकवला. “लेखी द्या. उत्तरांच्या की-मध्ये चूक झाली, जबाबदारी आपली. आणि एक सांगून ठेवतो. हे फाइलला लागलं की पुढच्या वर्षीचा पेपर समिती दुसऱ्या कोणाला देईल. मी अडवू शकणार नाही.”

“देऊ दे,” सर म्हणाले आणि लिहायला बसले. अक्षर सुबक, प्रत्येक ओळीची सुरुवात सारखी. टाइम स्टडीचा कागद लिहावा तसं. खाली सही, तारीख आणि सवयीने वेळही. बारा त्रेपन्न.

विजयमाला दाराजवळ उभी होती. नवी यादी छापून आली तेव्हा तिने यादीकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. तिला आनंद लपवता येत नव्हता आणि माझ्यासमोर तो करताही येत नव्हता. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडवत राहिली.

“सोमवारी कंपनीत किती वाजता?” सरांनी तिला विचारलं.

“नऊला.”

“मग आज पुन्हा सगळी कोडी बोटांनी करून बघ. माझी एकही वही उघडायची नाही.”

बाहेर आल्यावर ती बसस्टॉपकडे धावली. बस यायची होती, तरी धावली. तिला पळायला काहीतरी कारण हवं होतं.

सर आणि मी फुटपाथवर राहिलो. एप्रिलचं ऊन. माझ्या डोक्यात फक्त बार्शीला पाठवलेला तो फोटो फिरत होता. आईने तो तोवर निम्म्या गल्लीला दाखवला असणार. थोर माणसासारखं काहीतरी बोलावं असं वाटत होतं, पण तसलं काही आत सापडेना. जे सापडत होतं ते बोलण्यासारखं नव्हतं.

सरांनी टोपी काढून घाम पुसला. “बार्शी, तिच्यावर राग धरायचा नाही. मला शिवी घाल. आत्ताच घाल, म्हणजे मोकळं होईल. माझं वय काढू नकोस.”

मी खरंच घातली. फार मोठी नव्हती, पण मनापासून होती.

सरांनी ती नीट ऐकून घेतली. मग मान हलवून म्हणाले, “बरोबर आहे,” आणि रिक्षाला हात केला. बिबवेवाडीला उतरल्यावर त्यांनी मला घरी जाऊ दिलं नाही. वर नेलं, पंखा लावला, पहिल्या बाकावर बसवलं, कात्रजच्या जागेवर. फळ्यावर पाच माणसं काढली, एक, तीन, चार, सात, नऊ, आणि खडू माझ्या हातात दिला.

“चपळ गडी तू. सांग, आधी कोणाला नेतोस?”